शेअर की कर्ज: समकमाईच्या बिंदूपर्यंत आणि त्यापुढे

तळेगाव दाभाड्यात १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला, तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी, जत्रांत आणि सभांत माणशी एक पैसा मागून हा फंड उभा केला होता आणि लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले होते. ते भांडवल कर्जही नव्हते आणि शेअरही नव्हते. त्यावर व्याज द्यायचे नव्हते आणि नफ्यात कोणाचा वाटाही निघत नव्हता.

आज त्याच गावाच्या एमआयडीसीत नवी मशीन लाइन टाकणाऱ्या उद्योजकाला असा पैसा मिळत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. बँकेचे मुदत कर्ज घ्यायचे किंवा नवे शेअर देऊन भागधारक वाढवायचे. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत या निवडीसाठी दोन साधने दिलेली असतात. एक म्हणजे वित्तीय तरफेचे प्रमाण आणि दुसरे म्हणजे दोन्ही पर्यायांत प्रतिशेअर कमाई सारखी येते तो नफ्याचा टप्पा. इंग्रजी पुस्तकांतून आलेले ‘इंडिफरन्स पॉइंट’ हे नाव सीए मंडळी वापरतात. मी त्याला समकमाईचा बिंदू म्हणतो. हा बिंदू काढायला पाच मिनिटे लागतात. पण तो नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे न पाहता त्यावर आठ कोटींचा निर्णय घेतला जातो. म्हणून हा आढावा.

हिशेब मांडून पाहू

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण या पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या व्हेंडरला ते परके वाटणार नाहीत. वाहनांचे सुटे भाग मशीनिंग करून देणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिचे २० लाख शेअर आहेत. जुने कर्ज ४ कोटींचे असून त्यावर वर्षाला ४० लाख व्याज जाते. व्याज आणि कर वजा जाण्यापूर्वीचा नफा आज १६० लाख आहे. करदर सोयीसाठी २५ टक्के धरू. व्याज जाऊन १२० लाख उरतात, कर जाऊन ९० लाख, म्हणजे प्रतिशेअर कमाई साडेचार रुपये.

नव्या लाइनला ८ कोटी हवेत. पहिली वाट अशी की ८० रुपये भावाने १० लाख नवे शेअर द्यायचे. मग शेअर ३० लाख होतील आणि व्याज ४० लाखच राहील. दुसरी वाट म्हणजे ११ टक्क्यांनी ८ कोटींचे कर्ज. मग शेअर २० लाखच राहतील, पण व्याज ४० अधिक ८८ म्हणजे १२८ लाख होईल.

दोन्ही वाटांवर प्रतिशेअर कमाई कोणत्या नफ्याला सारखी होईल? समीकरण सोडवता येते, पण त्याहून सोपी रीत आहे:

समकमाईचा नफा = जुने व्याज + नवे व्याज × (नव्या इश्यूनंतरचे एकूण शेअर ÷ नवे शेअर)

म्हणजे ४० + ८८ × (३० ÷ १०) = ३०४ लाख. पडताळून पाहू. शेअरच्या वाटेवर ३०४ मधून ४० गेले, २६४ उरले, कर जाऊन १९८, ते ३० लाख शेअरांत वाटले की ६ रुपये ६० पैसे. कर्जाच्या वाटेवर ३०४ मधून १२८ गेले, १७६ उरले, कर जाऊन १३२, ते २० लाख शेअरांत वाटले की पुन्हा ६ रुपये ६० पैसे.

नफा ३०४ लाखांच्या वर गेला की कर्ज घेणाऱ्याची प्रतिशेअर कमाई जास्त असते आणि खाली आला की शेअर देणाऱ्याची. नफा ४०० लाख झाला तर शेअरच्या वाटेवर ९ रुपये पडतात आणि कर्जाच्या वाटेवर १० रुपये २० पैसे. तो २२० लाखांवर अडला तर शेअरच्या वाटेवर साडेचार रुपये, म्हणजे आजच्याइतकेच, आणि कर्जाच्या वाटेवर ३ रुपये ४५ पैसे.

सूत्रात करदर कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही वाटांवर कर एकाच दराने लागतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी कटतो. प्रेफरन्स शेअर मध्ये आले की मात्र तो परत येतो, कारण त्यांचा लाभांश कर भरल्यानंतरच्या नफ्यातून द्यावा लागतो.

त्या बिंदूमागचे खरे प्रमाण

बिंदूवरची कमाई ६ रुपये ६० पैसे आली. हा आकडा कुठून आला? इश्यूचा भाव ८० रुपये, व्याजदर ११ टक्के आणि करानंतर उरणारा पाऊण हिस्सा यांचा गुणाकार करा, बरोबर ६ रुपये ६० पैसे येतात. म्हणजे नवा शेअर विकून मिळालेल्या ८० रुपयांवर करानंतरचे व्याज जितके पडले असते, तितकी त्या शेअरची कमाई झाली की दोन्ही वाटा सारख्या होतात. त्याच्या अलीकडे कर्ज महाग पडते आणि पलीकडे शेअर.

हे एकदा कळले की तीन गोष्टी उलगडतात.

पहिली म्हणजे कर्ज आणि शेअर यांचे कोणतेही मिश्रण घेतले तरी बिंदू हलत नाही. चार कोटी कर्ज आणि चार कोटी शेअरमधून घेतले तर शेअर २५ लाख आणि व्याज ८४ लाख होते. नफा ३०४ लाख असताना त्यातही प्रतिशेअर कमाई ६ रुपये ६० पैसेच येते. तिन्ही रेषा एकाच बिंदूतून जातात, फक्त त्यांचा चढ वेगळा असतो.

दुसरी म्हणजे शेअरचा भाव बदलला की बिंदू सरकतो. तोच शेअर १२० रुपयांना विकता आला तर बिंदू ३९२ लाखांवर जातो, म्हणजे शेअर देणेच बराच काळ फायद्याचे ठरते. भाव ५० रुपये मिळाला तर बिंदू २३८ लाखांवर येतो आणि कर्जाची बाजू लवकर वरचढ होते. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीत हा भाव मूल्यांकनकर्त्याच्या अहवालातून येतो. म्हणून त्या अहवालात थोडा फेर पडला तरी निर्णय उलटू शकतो, हे संचालकांना ठाऊक हवे.

तिसरी म्हणजे व्याजदर. लघु उद्योगांची चलदराची कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, जोडली गेली. रेपो दर मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोचला. आपल्या उदाहरणात ११ चे साडेतेरा टक्के झाले तर नवे व्याज ८८ वरून १०८ लाखांवर जाते आणि जुन्या कर्जाचे व्याज तसेच धरले तरी बिंदू ३०४ वरून ३६४ लाखांवर जातो. कर्ज घेताना जो नफा पुरेसा वाटत होता, तो वर्षाच्या आत अपुरा ठरतो. उद्योजकाने काहीही चूक केलेली नसते.

तरफ किती उचलते, किती आपटते

वित्तीय तरफेचे प्रमाण म्हणजे व्याज-करपूर्व नफ्याला व्याज वजा जाता उरलेल्या नफ्याने भागायचे. ३०४ लाखांवर शेअरच्या वाटेवर ते ३०४ भागिले २६४, म्हणजे १.१५ येते. कर्जाच्या वाटेवर ३०४ भागिले १७६, म्हणजे १.७३. अर्थ असा की नफा १ टक्का हलला तर पहिल्या वाटेवर प्रतिशेअर कमाई १.१५ टक्के हलते आणि दुसऱ्या वाटेवर १.७३ टक्के. बिंदूवर दोघांची कमाई सारखीच आहे, पण पुढच्या धक्क्याला दोघे सारखे उभे नाहीत.

हे प्रमाण कायमचे नसते. कर्जाच्याच वाटेवर नफा ४०० लाख असताना ते १.४७ असते आणि २२० लाख असताना २.३९ होते. नफा १२८ लाखांच्या जवळ येईल तसे ते भराभर फुगते. म्हणून ‘आमची तरफ दीडची आहे’ असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. ती कोणत्या नफ्याला दीडची आहे, हे सोबत सांगावे लागते.

शिवाय कारखान्यात दुसरी एक तरफ आधीपासून असते. भाडे, कायम कामगारांचे पगार, विजेच्या बिलातला डिमांड चार्ज, घसारा हा खर्च माल कमी गेला म्हणून कमी होत नाही. समजा नव्या लाइनसह विक्री २० कोटी आहे आणि कच्चा माल, टूलिंग असा विक्रीबरोबर हलणारा खर्च जाऊन तिच्यातले ४० टक्के, म्हणजे ८ कोटी हाती राहतात. त्यातून ४ कोटी ९६ लाखांचा स्थिर खर्च गेला की ३०४ लाख उरतात. आता ग्राहकाने शेड्यूल १० टक्क्यांनी कापले. हाती राहणारी रक्कम ८० लाखांनी घटली आणि नफा २२४ लाखांवर आला. विक्रीतली १० टक्क्यांची घट नफ्यात २६ टक्क्यांची झाली. पुढे वित्तीय तरफ लागते. शेअरच्या वाटेवर प्रतिशेअर कमाई ६ रुपये ६० पैशांवरून ४ रुपये ६० पैशांवर येते, म्हणजे ३० टक्के घट. कर्जाच्या वाटेवर ती ३ रुपये ६० पैशांवर येते, म्हणजे ४५ टक्के घट.

या पट्ट्यात प्रश्न टोकदार होतो तो इथे. ज्याचा स्थिर खर्च आधीच मोठा आहे, त्याने व्याजाचा स्थिर खर्च वर चढवताना दोन्ही तरफांचा गुणाकार पाहायला हवा. मजुरीवर काम करणाऱ्या, भाड्याच्या शेडमध्ये दोन मशीन चालवणाऱ्या माणसाला जे कर्ज झेपते, ते मोठी फोर्जिंग प्रेस बसवणाऱ्याला त्याच प्रमाणात झेपेलच असे नाही.

बिंदू विक्रीत बदलून पाहण्याचा फायदाही इथेच दिसतो. ‘३०४ लाख नफा होईल का?’ या प्रश्नाला उद्योजक आशेने उत्तर देतो. ‘वर्षाला २० कोटींचा माल जाईल का?’ असे विचारले की तो ग्राहकांची नावे, मॉडेले आणि महिन्याचे नग मोजू लागतो. मग हेही ध्यानात येते की वाहन कंपनीच्या शेड्यूलमध्ये जवळचे आठवडे पक्के असतात आणि पुढचे महिने अंदाजाचे.

बिंदूला न दिसणारी मुद्दल

या साधनाची सगळ्यात मोठी उणीव एका शब्दात सांगता येते: मुद्दल. प्रतिशेअर कमाईच्या हिशेबात व्याज येते, कर्जाची परतफेड येत नाही. बँकेला मात्र दोन्ही द्यावे लागतात.

आपल्या कंपनीचे नवे कर्ज पाच वर्षांत फेडायचे असेल तर दरवर्षी १६० लाख मुद्दल. जुन्या कर्जाच्या मुद्दलीचे ४० लाख धरू. त्यात १२८ लाख व्याज मिळवले की वर्षाला ३२८ लाख बँकेत भरायचे. ते कुठून येतील? समकमाईच्या बिंदूवर करानंतरचा नफा १३२ लाख, घसारा ८० लाख धरू, आणि आधीच वजा केलेले व्याज १२८ लाख. एकूण ३४० लाख. म्हणजे कर्जसेवा गुणोत्तर १.०४. पुस्तक म्हणते की या बिंदूवर दोन्ही पर्याय समान आहेत. पण कर्जाच्या वाटेवर वर्षाअखेर हातात १२ लाख उरतात आणि एका मोठ्या ग्राहकाचे पेमेंट महिनाभर अडले तरी हप्ता चुकू शकतो. नफा २२० लाख झाला तर उपलब्ध रक्कम २७७ लाखांवर येते आणि हप्त्यांना ५१ लाख कमी पडतात. त्या वर्षी कंपनी तोट्यात नसते. प्रतिशेअर ३ रुपये ४५ पैसे कमावूनही ती थकबाकीदार होते.

मुदत सात वर्षांची केली की नवी मुद्दल सुमारे ११४ लाखांवर येते आणि एकूण हप्ता २८२ लाखांचा होतो. बिंदूवर गुणोत्तर १.२ होते, २२० लाखांच्या वर्षीही जवळजवळ १ राहते. समकमाईचा बिंदू या बदलाने एक रुपयाही हललेला नसतो. अर्धे कर्ज आणि अर्धे शेअर अशी वाट घेतली आणि मुदत सात वर्षांची ठेवली, तर वर्षाचा हप्ता १८१ लाख आणि २२० लाखांच्या वाईट वर्षी उपलब्ध रक्कम २६६ लाख. गुणोत्तर १.४७. त्या वर्षी प्रतिशेअर कमाई ४ रुपये ८ पैसे पडते आणि ४०० लाखांच्या चांगल्या वर्षी ९ रुपये ४८ पैसे.

| नफा (लाख) | शेअर | निम्मे-निम्मे | कर्ज |
|---|---|---|---|
| २२० | ४.५० | ४.०८ | ३.४५ |
| ३०४ | ६.६० | ६.६० | ६.६० |
| ४०० | ९.०० | ९.४८ | १०.२० |

आकडे प्रतिशेअर कमाईचे, रुपयांत. मधल्या रकान्यातला उद्योजक चांगल्या वर्षी कर्जवाल्यापेक्षा ७२ पैसे कमी कमावतो. त्या ७२ पैशांत त्याने वाईट वर्षीचा हप्ता विकत घेतलेला असतो.

पिंपरीतला मोठा धडा

या निवडीत वेळेचे महत्त्व किती असते, ते याच पट्ट्यात पिंपरीला कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये अनुभवले. जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेण्यासाठी कंपनीने ३ अब्ज डॉलरचे अल्पमुदतीचे ब्रिज कर्ज घेतले. खरेदी २ जून २००८ रोजी पूर्ण झाली. कर्जाचा मोठा भाग हक्कभाग विकून फेडायचा, असा बेत होता. साध्या शेअरचा भाव ३४० रुपये आणि कमी मताधिकाराच्या ‘अ’ शेअरचा ३०५ रुपये ठरला. इश्यू बाजारात आला तेव्हा लेहमन ब्रदर्स कोसळली होती आणि बाजारातला भाव इश्यूच्या भावाखाली गेला. बाजारात स्वस्त मिळणारा शेअर कंपनीकडून महाग कोण घेणार? सुमारे ४,१५० कोटींचा तो इश्यू प्रवर्तक आणि हमीदारांनी उचलून धरला. २००८-०९ मध्ये कंपनीला एकत्रित २,५०५ कोटींचा तोटा झाला. उरलेल्या कर्जासाठी २००९ मध्ये रोखे आणि नव्या मुदतीची कर्जे उभी करावी लागली. पुढे २०१५ मध्ये धंदा सावरलेला असताना ४५० रुपये भावाने सुमारे ७,५०० कोटींचे हक्कभाग निघाले आणि ते विकले गेले.

यातून समकमाईच्या बिंदूबद्दल एक गोष्ट शिकता येते. सूत्रात इश्यूचा भाव आणि नफा हे दोन स्वतंत्र आकडे म्हणून येतात. प्रत्यक्षात ते एकत्र पडतात. ज्या वर्षी नफा आटतो, त्याच वर्षी शेअरचा भावही आटतो आणि नवा शेअर विकून कर्ज फेडण्याची वाट नेमकी गरजेच्या वेळी बंद होते. ‘आधी कर्ज घेऊ, जड झाले तर शेअर देऊ’ हा बेत म्हणून कच्चा आहे. उलटा क्रम जास्त टिकतो. भाव चांगला असताना शेअर दिले की कर्ज घेण्याची ताकद पुढच्या अडचणीसाठी शिल्लक राहते.

अभ्यासक काय म्हणतात

मोदिग्लियानी आणि मिलर यांनी १९५८ मध्ये दाखवले की कर आणि दिवाळखोरीचा खर्च नसेल, तर कर्ज-शेअरच्या प्रमाणाने कंपनीचे मूल्य बदलत नाही. प्रतिशेअर कमाई वाढते, पण जोखीमही तितकीच वाढते आणि भागधारक त्या प्रमाणात जास्त परतावा मागतो. १९६३ मध्ये त्यांनी व्याजावरच्या करसवलतीचा फायदा हिशेबात घेतला. समकमाईच्या बिंदूवरचा मूळ आक्षेप इथून येतो. हा बिंदू शेअरचा खर्च म्हणून फक्त कमाईचे भावाशी प्रमाण धरतो आणि भागधारकाची जोखीम फुकट समजतो.

तरीही हे साधन टिकले. ग्रॅहम आणि हार्वी यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या ३९२ वित्त अधिकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शेअर काढताना प्रतिशेअर कमाई पातळ होईल का, याचा विचार त्यांच्या मनात सगळ्यात वर होता. कर्जाबाबत मात्र आर्थिक लवचीकता आणि पतमानांकन वर होते. म्हणजे वित्त अधिकारी शेअरकडे एका चष्म्याने पाहत होते आणि कर्जाकडे दुसऱ्या. आपल्या कुटुंबांच्या कंपन्यांत शेअरच्या बाजूला आणखी एक वजन पडते, ते म्हणजे बाहेरचा माणूस संचालक मंडळावर येण्याची धास्ती. कर्जाच्या बाजूला वैयक्तिक हमी आणि राहत्या घराचे तारण असते. दोन्ही गोष्टी सूत्रात नाहीत आणि दोन्ही घरात रात्री बोलल्या जातात.

हिशेबाचा क्रम

तळेगावच्या वाहन उद्योगाने एक गोष्ट डोळ्यांदेखत पाहिली आहे. जनरल मोटर्सचा इथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबले आणि पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला. पुरवठादाराची मशीन शाबूत, माणसे कुशल, माल उत्तम, आणि तरीही शेड्यूल शून्य होऊ शकते. असा धक्का तरफेच्या कोणत्याही प्रमाणात आधी दिसत नाही.

म्हणून पुस्तकातला क्रम उलटा करावा, असे मला ठामपणे वाटते. पहिल्यांदा सगळ्यात मोठा ग्राहक वर्षभर निम्म्या शेड्यूलवर आला तर नफा किती उरेल, तो आकडा काढावा. त्या नफ्याला व्याज आणि मुद्दल दोन्ही भागतील इतकेच कर्ज ठरवावे, आणि दर अडीच टक्क्यांनी वाढला तरी भागतील का तेही पाहावे. उरलेली रक्कम शेअरमधून यावी, मग तो नातलगाचा पैसा असो किंवा एसएमई बाजारातला. समकमाईचा बिंदू काढावा तो यानंतर. आपल्या उदाहरणात त्याचा उपयोग असा होतो: निम्मे-निम्मेच घेणे शक्य आहे हे ठरल्यावर ३०४ लाख आणि २० कोटी हे आकडे सांगतात की शेअर देऊन आपण काय सोडले आणि ते किती विक्रीनंतर सोडले. तेवढेच काम त्याच्याकडून घ्यावे. कर्ज किती घ्यायचे, हे त्याला विचारू नये, कारण त्या प्रश्नातली मुद्दल त्याला दिसतच नाही.